शंभर मिलिअँपिअरला थांबा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी एक पट्टी मिळते. एका टोकाला यूएसबीचं खोबण, मध्ये आठ पायांची एक चिप, बाजूला दोन बारीक दिवे. चिपवर ‘टीपी४०५६’ असं कोरलेलं असतं. विजेऱ्या आणि स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर, प्रकल्प करणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल काढून वापरणारे हौशी लोक, सगळ्यांची मदार या पट्टीवर असते. चार्ज होताना लाल दिवा लागतो, काम संपलं की निळा किंवा हिरवा. लाल दिवा नेमका कधी विझवायचा हा निर्णय चिप कशी घेते, हे कळलं की लिथियम-आयन सेल सुरक्षित चार्ज करण्यातलं बहुतेक सारं कळतं.

या सेलना थांबायची वेळ इतकी काटेकोर का लागते? घरातल्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी थोडी जास्त चार्ज झाली, तर जादा वीज तिच्यातल्या पाण्याचं विघटन करण्यात खर्च होते. म्हणूनच तिच्यात अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. जुन्या निकेलच्या सेलमध्ये जादा चार्जिंगने तयार झालेला ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा शोषला जातो, सेल फक्त तापतो. लिथियम-आयनमध्ये अशी पळवाट नाही. तिथे धनाग्रातून निघालेले लिथियमचे आयन ऋणाग्राच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. मर्यादेपलीकडे चार्ज करत राहिलं, तर धनाग्रातून नको इतकं लिथियम उपसलं जातं आणि त्याची रचना ढासळू लागते, भोवतालचा द्रव विघटित होतो, आणि ग्रॅफाइटमध्ये जागा न मिळालेलं लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचतं. त्यातून वायू तयार होतो, सेल फुगतो, आणि वाईटात वाईट परिस्थितीत तो पेटतो.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. २६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा १८६५० सेल घेतला. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. वापरून तो ३.० व्होल्टपर्यंत उतरलेला आहे आणि पट्टीवरची चिप १ अँपिअर प्रवाहावर लावलेली आहे. अशा सेलसाठी क्षमतेच्या साधारण निम्मा प्रवाह सोयीचा मानतात, तेव्हा १ अँपिअर त्याला सहज पेलतो.

चिप आधी सेलचा व्होल्टेज तपासते. तो २.९ व्होल्टच्या खाली असता, तर ती ठरवलेल्या प्रवाहाच्या साधारण दहाव्या हिश्शाने, हलक्या हाताने सुरुवात करते. आपला सेल त्या रेषेच्या वर असल्याने थेट पहिला मोठा टप्पा सुरू होतो. त्याला स्थिर प्रवाहाचा टप्पा म्हणतात. चिप सेलमध्ये १ अँपिअर ढकलत राहते आणि व्होल्टेजला चढू देते. सुरुवातीला तो भराभर साडेतीनच्या आसपास येतो, मग बराच वेळ रेंगाळत चारकडे सरकतो. या काळात सेल जेमतेम कोमट होतो, चिप मात्र चांगलीच तापते. यूएसबीचे ५ व्होल्ट आणि सेलचे साडेतीन व्होल्ट यांतला फरक ती उष्णतेच्या रूपात टाकून देते. म्हणजे दीड वॅट, तेही तांदळाच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या तुकड्यातून. फार तापली तर ती स्वतःच प्रवाह कमी करते.

साधारण सव्वादोन तासांनी सेलच्या टोकांवर ४.२ व्होल्ट दिसतात. इथे अनेकांची फसगत होते. मल्टिमीटर ४.२ दाखवतो, म्हणजे सेल भरला, असं वाटतं. पण तोवर २६०० पैकी सुमारे २२०० मिलिअँपिअर-तासच आत गेलेले असतात. सेलच्या आतल्या विरोधामुळे, वाहत्या प्रवाहात टोकांवरचा व्होल्टेज खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. हा विरोध ओहमच्या दहाव्या हिश्शाएवढा धरला, तर १ अँपिअरवर ०.१ व्होल्टचा फरक पडतो. त्या क्षणी चार्जर काढला, की सेल ४.१ च्या आसपास येऊन स्थिरावतो. तिथेच चार्जिंग संपवलं तर सेलला काही इजा होत नाही, उलट त्याचं आयुष्य वाढतं. पण उरलेली क्षमताही हवी असेल, तर पुढचा टप्पा पार करावा लागतो.

आता चिप भूमिका बदलते. प्रवाह धरून व्होल्टेजला चढू देण्याऐवजी ती व्होल्टेज ४.२ वर घट्ट धरते आणि प्रवाहाला घसरू देते. हा स्थिर व्होल्टेजचा टप्पा. भरत आलेल्या एसटीत नवा प्रवासी चढायला जितका वेळ घेतो, तसा इथे ग्रॅफाइटमध्ये शिरणारा प्रत्येक आयन अधिकाधिक वेळ घेतो. सेल मागेल तेवढाच प्रवाह चिप देते. १००० मिलिअँपिअरवरून तो पंधरा-वीस मिनिटांत निम्म्यावर येतो, पुढच्या तेवढ्याच वेळात पुन्हा निम्मा होतो. तासाभराने तो १०० वर उतरतो. त्या तासात आणखी चारशेच्या जवळपास मिलिअँपिअर-तास आत गेलेले असतात आणि सेल भरलेला असतो.

शंभरला, म्हणजे ठरवलेल्या प्रवाहाच्या दहाव्या हिश्शाला, टीपी४०५६ चार्जिंग तोडते. प्रवाह शून्यावर येईपर्यंत का थांबायचं नाही? हिशोब केला तर शंभरपासून शून्यापर्यंतच्या घसरणीत आणखी चाळीसेक मिलिअँपिअर-तासच मिळतील, क्षमतेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. त्यासाठी सेलला ४.२ व्होल्टवर ताटकळत ठेवणं तोट्याचं आहे, कारण त्या व्होल्टेजला धनाग्रापाशी द्रवाचं हळूहळू विघटन चालूच राहतं. शिवाय सेलमध्ये आत कुठे बारीक गळती असेल, तर प्रवाह शून्यावर कधी येणारच नाही आणि शून्याची वाट पाहणारा चार्जर रात्रभर जोडलेला राहील. इन्व्हर्टरच्या बॅटरीला जशी मंद वीज सतत देत राहतात, तशी लिथियम-आयनला द्यायची नसते. चार्जिंग तोडून मग चिप नुसती लक्ष ठेवते. सेल ४.०५ व्होल्टपर्यंत उतरला, तरच ती पुन्हा सुरुवात करते.

पट्टीवर जोडणी चुकते ती बहुधा इथेच. चार्जिंग चालू असताना त्याच सेलवर काही चालत असेल, समजा दीडशे मिलिअँपिअर खाणारा एखादा दिवा, तर चिपला सेलचा प्रवाह आणि दिव्याचा प्रवाह वेगळे ओळखता येत नाहीत. सेल कधीच भरलेला असतो, तरी चिपला दीडशे मिलिअँपिअर जाताना दिसतात, शंभरची रेषा येत नाही आणि लाल दिवा विझत नाही. या चिपमध्ये वेळ संपली की चार्जिंग तोडणारा टायमरही नाही. सेल ४.२ व्होल्टवर तासन्‌तास टांगून राहतो. उपाय सोपा आहे: चार्ज करताना उपकरण बंद ठेवायचं. तसं शक्य नसेल, तर उपकरणाला आणि सेलला स्वतंत्र वाटेने वीज देणारी वेगळी चार्जिंग आयसी वापरायची.

दुसरी चूक याहून घातक आहे. पट्टी दुकानातून येते तेव्हा तिच्यावर बहुधा १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि तोच १ अँपिअर ठरवतो. बाराशेला ओहमने भागलं की अँपिअर मिळतात, एवढंच गणित. आता याच पट्टीला कुणी छोट्या ब्लूटूथ उपकरणातला २०० मिलिअँपिअर-तासांचा चपटा सेल जोडला, तर त्याच्यात क्षमतेच्या पाचपट प्रवाह शिरतो. ग्रॅफाइट इतक्या वेगाने आयन सामावून घेऊ शकत नाही आणि व्होल्टेजची मर्यादा पाळूनही लिथियम धातू साचतो. शिवाय अशा सेलसाठी शंभर मिलिअँपिअरची तोडरेषा फारच वर आहे. तो रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावला, की प्रवाह १२० मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि तोडरेषाही आपोआप बाराच्या जवळ उतरते.

पट्टीच्या महाग प्रकारात आणखी एक छोटी चिप असते, डीडब्ल्यू०१. तिच्या भरवशावर लोक बेफिकीर होतात, हे चुकीचं आहे. ती सेल तोडते ते ४.३ व्होल्टच्या आसपास, म्हणजे चार्जर बिघडल्यावर. चार्जिंग कुठे संपवायचं हे ठरवणं तिचं काम नाही. ती चालू पडली, तर आधीच काहीतरी बिनसलेलं आहे असं समजावं.

तापमानाकडे ही पट्टी पाहतच नाही. टीपी४०५६ ला तापमान मोजण्यासाठी एक पाय आहे, पण स्वस्त पट्ट्यांवर तो थेट जमिनीला जोडून निकामी केलेला असतो. तेव्हा ती काळजी माणसाने घ्यायची. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करायचं नाही, कारण थंडीत आयन ग्रॅफाइटमध्ये शिरायला कचरतात आणि धातू साचतो. महाराष्ट्रात प्रश्न बहुधा वरच्या टोकाचा. बहुतेक सेलसाठी चार्जिंगची कमाल मर्यादा ४५ अंश असते आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला दुपारचं तापमान तिथवर पोचतं. त्या दिवसांत चार्जिंग पहाटे करावं.

रसायन वेगळं असेल तर आकडेही बदलतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६५ व्होल्टला संपवतात, म्हणून ४.२ ची ही पट्टी त्याला चालत नाही. सेलवरचं वेष्टन वाचून खात्री झाल्याशिवाय काही जोडू नये.

जुन्या बॅटरीतून काढलेला सेल दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला असेल, तर तो चार्ज करूच नये. इतक्या खाली ऋणाग्रामागचं तांबं द्रवात विरघळलेलं असू शकतं आणि चार्ज करताना ते पुन्हा साचून आत शॉर्ट करतं. २.५ व्होल्टच्या आसपासचा सेल हलक्या प्रवाहावर घेता येतो. पण तासाभरात तो २.९ च्या वर आला नाही, किंवा हाताला गरम लागला, तर थांबायचं. स्थिर व्होल्टेजच्या टप्प्यात निरोगी सेल थंड होत जातो. तिथे तो तापू लागला, किंवा प्रवाह एखाद्या आकड्यावर अडकून बसला, तर आत गळती आहे असं धरावं.

निळा दिवा लागल्यावर सेल सुटा करून मल्टिमीटरने मोजावा आणि आकडा सेलवरच पेनने लिहून ठेवावा. चांगला सेल ४.१५ ते ४.२० दाखवतो. आठवड्याने पुन्हा मोजला तर तो फार तर एक-दोन शतांश व्होल्ट उतरलेला असतो. तो ४.१ च्या खाली गेला असेल, तर दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्याच्या पेटीत टाकावा.