ईएफ ६० टक्के आहे, मग धाप का लागते?

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक घरांत एकच आकडा शोधला जातो, ईएफ. तो ६० टक्के दिसला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. हृदय ठणठणीत आहे म्हटल्यावर धापेचं खापर वजनावर, हिमोग्लोबिनवर, वयावर किंवा ‘ती टेन्शन फार घेते’ यावर फुटतं. नातेवाइकांचं एक वेळ समजू शकतं. पण ‘ईएफ नॉर्मल आहे, हृदयाचं काही नाही’ हे वाक्य दवाखान्यातूनही ऐकू येतं, तेव्हा चीड येते. ईएफ हा हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा आकडा आहे. उजव्या कप्प्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

डावा कप्पा रक्त सगळ्या शरीराला पोचवतो, उजवा ते फुप्फुसांकडे ढकलतो. फुप्फुसांच्या रोहिणीतला सरासरी दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो २० च्या वर गेला की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन किंवा पीएच म्हणतात. पूर्वी ही रेषा २५ वर होती. युरोपातल्या हृदयरोग आणि श्वसनरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती खाली आणली. दंडाला पट्टा बांधून हा दाब मोजता येत नाही. त्यामुळे ‘माझं बीपी १२० बाय ८० आहे’ या उत्तराचा इथे काही उपयोग नाही.

या रोहिण्या अरुंद झाल्या की उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो. त्याची भिंत आधी जाड होते, मग तो फुगतो आणि शेवटी थकतो. या सगळ्या काळात डावा कप्पा व्यवस्थित आकुंचन पावत असतो, म्हणून ईएफ ६० किंवा ६५ च राहतो. बसल्या जागी रुग्णाला त्रास नसतो. जिना चढताना शरीर जास्त रक्त मागतं, पण फुप्फुसांतून तेवढं रक्त पुढे सरकत नाही. मग धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी भोवळ येते.

नेहमी दिसतं तसं एक उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांची बाई. वर्षापूर्वी पाय मोडून प्लॅस्टर होतं, तेव्हा पोटरी सुजून दुखली होती. ‘प्लॅस्टरमुळे होतं तसं’ म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. आता एक मजला चढला की ती कठड्याला धरून उभी राहते. दमा समजून सहा महिने इन्हेलर चालू आहे, फरक शून्य. फुंकून करायची स्पायरोमेट्री स्वच्छ आहे, छातीत घरघर नाही. दम्याचं निदान इथेच डळमळायला हवं होतं. इकोत ईएफ ६०.

त्याच रिपोर्टमध्ये चार ओळी खाली लिहिलंय की हृदयाची उजवी बाजू मोठी आहे आणि ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटर आहे. या वेगावरून दाबाचा अंदाज काढायचं गणित सोपं आहे. वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणायचं, म्हणजे ६४. त्यात उजव्या वरच्या कप्प्यातला दाब मिळवायचा. पोटाकडून येणाऱ्या मोठ्या नीलेची रुंदी आणि श्वासागणिक तिचं आकसणं पाहून तो इथे ८ धरला. बेरीज ७२. हा आकुंचनाच्या वेळचा दाब, निरोगी माणसात तो २५ च्या आसपास असतो. वेग २.८ मीटरच्या वर गेला तरी शंका घ्यायची असते, इथे तर तो ४ आहे. शिवाय दोन कप्प्यांमधला पडदा उजवीकडच्या दाबाने चपटा झालाय आणि डावा कप्पा गोल दिसण्याऐवजी इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो. उजव्या कप्प्याची भिंतही जाड आहे. फुप्फुसात अडकलेल्या ताज्या गुठळीने अचानक ताण आला, तर सवय नसलेला पातळ उजवा कप्पा एवढा दाब निर्माणच करू शकत नाही. म्हणजे हे दुखणं जुनं आहे.

आता प्रश्न कारणाचा. पल्मनरी हायपरटेन्शनचे पाच गट आहेत आणि उपचार गटावर ठरतो. पोटरीची सूज लक्षात घेऊन या बाईचा व्ही-क्यू स्कॅन केला. फुप्फुसांत हवा कुठे जाते आणि रक्त कुठे जाते, हे त्यात शेजारी शेजारी दिसतं. हवा सगळीकडे पोचत होती, रक्त मात्र अनेक भागांत पोचत नव्हतं. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन विरघळलीच नाही, रोहिणीच्या भिंतीला चिकटून तिचा चिवट थर झाला. हा चौथा गट. हा स्कॅन पूर्ण नॉर्मल असता, तर हा गट जवळपास बाद झाला असता. सीटी अँजिओवर अशा जुन्या गुठळ्या नजरेतून सुटू शकतात, म्हणून ‘सीटी केलाय की’ एवढ्यावर थांबायचं नसतं.

रक्त पातळ करणारं औषध किमान तीन महिने देऊन मग उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन केलं. सरासरी दाब ४४ निघाला आणि डाव्या बाजूचा दाब नॉर्मल, म्हणजे दोष डाव्या हृदयाचा नाही. या गटात शस्त्रक्रियेने आजार मुळापासून बरा होण्याची शक्यता असते. शरीर २० अंशांच्या आसपास थंड करून, रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवून सर्जन रोहिणीच्या आतला थर सोलून काढतात. ही शस्त्रक्रिया मोजक्याच केंद्रांत होते. गुठळ्या फार बारीक शाखांत असतील, तर फुग्याने टप्प्याटप्प्याने शाखा उघडतात किंवा रिओसिग्वाट देतात. रक्त पातळ करणारं औषध मात्र आयुष्यभर.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, तो म्हणजे इकोवर ‘माइल्ड पीएच’ आलं की आजार पक्का. इको अंदाज देतो, निदान कॅथेटरने होतं. सत्तरीच्या मधुमेही आजोबांचा इकोवरचा दाब ४० आला, तर बहुधा डाव्या हृदयाचा ताठरपणा मागे असतो. आणि गळतीची धार नीट सापडली नाही म्हणून आकडाच लिहिला नाही, तर दाब वाढलेला नाही असंही नव्हे.

‘यावर सिल्डेनाफिल असतंच की, देऊन बघू’ हा सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट. पहिल्या गटात, म्हणजे खुद्द रोहिण्यांच्याच आजारात, ते खरोखर उपयोगी आहे; सोबत बोसेन्टन किंवा मॅसिटेन्टन, गंभीर रुग्णाला शिरेतून प्रोस्टासायक्लिन, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सोटाटरसेप्ट. पण आपल्याकडे संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद होऊन दाब वाढलेले रुग्ण पुष्कळ. तिथे आधी झडपेचा इलाज हवा. झडप दुरुस्त झाल्यावरही दाब उरलेल्यांना सिल्डेनाफिल देऊन पाहिलं, तर स्पेनमधल्या २०१८ च्या चाचणीत ते रुग्ण सिल्डेनाफिल न घेणाऱ्यांपेक्षा वाईट अवस्थेत गेले.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ऑक्सिमीटरवर ९७ म्हणजे फुप्फुसं ठीक? बसून मोजलंत, सहा मिनिटं चालवून मोजा. हा म्हाताऱ्यांचाच आजार? पहिल्या गटात तरुण स्त्रियाही पुष्कळ असतात, आणि त्यांच्यासाठी गर्भारपण जिवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्राच ना? औषध तेच, पण इथे डोस दिवसातून तीनदा. छातीत दुखलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय असेल, तर ती सिल्डेनाफिलबरोबर चालत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. रिओसिग्वाटबरोबरही या दोन्हींपैकी काहीच चालत नाही.