हेलियमच्या हिशेबात राहिलेली तूट

हेलियमच्या अणूत इलेक्ट्रॉन दोनच, तरी त्याचं समीकरण हायड्रोजनसारखं नेमकं सुटत नाही, कारण ते दोघे एकमेकांना सतत ढकलत असतात. १९२८ मध्ये डग्लस हार्ट्री यांनी यातून वाट काढली. दुसरा इलेक्ट्रॉन या क्षणी कुठे आहे हे विचारायचंच नाही. त्याचा विद्युतभार केंद्राभोवती ढगासारखा पसरलाय असं धरायचं. त्या ढगाच्या सरासरी क्षेत्रात पहिल्याचं समीकरण सोडवायचं, उत्तरातून नवा ढग मांडायचा आणि पुन्हा सोडवायचं. घातलेला ढग आणि निघालेला ढग जुळले की थांबायचं. ही किचकट आकडेमोड करायला हार्ट्रींचे वडीलही मदतीला बसत.

हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला प्रत्यक्षात ७९.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ही पद्धत ७७.९ सांगते. चूक दीड टक्क्याहून कमी, पण एका रासायनिक बंधाची ऊर्जाही काही इलेक्ट्रॉन-व्होल्टच असते. फेऱ्या कितीही वाढवल्या तरी तूट भरत नाही. खरे इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवतात: एक डावीकडे असला की दुसरा बहुधा उजवीकडे. सरासरी ढगाला हे चुकवणं, म्हणजेच सहसंबंध, दिसत नाही.

हायड्रोजनच्या ऋण आयनात तर निकालच उलटतो. तो खरोखर टिकतो, पण या पद्धतीनुसार त्याचा जादा इलेक्ट्रॉन सुटून जायला हवा. हिलेरास यांनी १९२९ मध्ये दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतर थेट तरंगफलनात घातलं, तेव्हा हेलियमची तूट जवळजवळ भरून निघाली.