पत्र कुणाच्या हातून गेलं?

७ जानेवारी २००९ रोजी सकाळी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी आपल्या संचालक मंडळाला पत्र पाठवलं. ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखवले आहेत, त्यातले ५,०४० कोटी मुळात नाहीतच, असं त्यात लिहिलं होतं. कधीच न मिळालेलं ३७६ कोटींचं व्याज जमेस धरलेलं, १,२३० कोटींचं देणं दडवलेलं आणि येणं ४९० कोटींनी फुगवलेलं. एकूण ७,१३६ कोटी.

त्यानंतर दहा वर्षांनी, २१ सप्टेंबर २०१९ रोजी, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी, बँकेचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला असंच कबुलीचं पत्र लिहिलं. तोवर या मुंबईच्या बँकेच्या १३७ शाखा सुरळीत चालू होत्या आणि मार्चअखेरच्या अहवालात नफा दाखवलेला होता.

घरफोडी झाली तर सकाळी कुलूप तुटलेलं दिसतं. इथे तसं काहीच दिसत नाही. या दोन्ही ठिकाणी दरवर्षी लेखापरीक्षण झालं, अहवालांवर सह्या झाल्या, आणि लबाडीचा पूर्ण हिशेब अखेर ती करणाऱ्यानेच लिहून दिला. सत्यमला तर सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे पत्राच्या जेमतेम चार महिने आधी, उत्तम कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. तपासणाऱ्यांना हे दिसलं कसं नाही, हा प्रश्न मला माझ्या उमेदवारीच्या दिवसांपासून सतावतो. म्हणून आधी तिथली एक गोष्ट सांगतो.

आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी मला एका कारखान्याच्या ऑडिटला पाठवलं होतं. बँकेतल्या शिल्लकीची खात्री करायची म्हणजे बँकेला पत्र लिहून अमुक तारखेला या खात्यात किती रक्कम होती हे विचारायचं. हे पत्र ऑडिटरने स्वतः टपालात टाकायचं आणि उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर यायचं, असा नियम. मी पत्रं तयार केली आणि कारखान्याच्या अकाउंटंटने ती माझ्या हातून घेतली. “आमचा शिपाई बँकेत जातोच आहे, तुम्ही कशाला उन्हात फिरता?” चार दिवसांनी शिक्क्यासकट उत्तरं त्याच्याच टेबलावरून मला मिळाली. आकडे जुळले, मी फाइल बंद केली. त्या कारखान्यात काही खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण ते उत्तर बँकेतूनच आलं होतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. सत्यममध्ये नेमकी हीच फट होती, फक्त रक्कम हजारो कोटींची होती.

सत्यमचा घोटाळा असा चालला. कंपनी बनावट नव्हती. हजारो अभियंते खरंखुरं काम करत होते, परदेशी ग्राहक खरे पैसे देत होते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत खरी विक्री २,११२ कोटींची होती, दाखवली २,७०० कोटींची. खरा ऑपरेटिंग नफा ६१ कोटी, दाखवला ६४९ कोटी. म्हणजे विक्रीतला बहुतेक भाग खरा आणि नफ्यातला बहुतेक भाग खोटा. पांढरपेशी गुन्हा सापडायला अवघड का, याचं पहिलं उत्तर या आकड्यांत आहे. खऱ्या बिलांच्या ढिगात खोटी बिलं मिसळलेली असतात, आणि नमुन्यादाखल उचललेली दहा बिलं बहुधा खरीच निघतात.

ही खोटी बिलं बनली कशी? बिलांच्या संगणक प्रणालीत काही जणांना विशेष अधिकार होते. त्यांच्या नावाने थेट आत शिरून बिल तयार करायचं आणि त्यावर ते दडवण्याची खूण लावायची. अशी बिलं मूळ प्रकल्पाचं काम पाहणाऱ्या विभागाला दिसत नसत, ती फक्त कंपनीच्या हिशेबात जाऊन बसत. विभागाला दिसली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, की हे काम आपण केलं कधी? सीबीआयला पुढे अशी ७,५६१ बिलं सापडली, सुमारे ५,११७ कोटींची.

बिल खोटं असलं की त्याचे पैसे येत नाहीत. पैसे येत नाहीत म्हणून येणं वाढत जातं, आणि येणं फार वाढलं की ऑडिटर हटकतो. ते टाळायला पैसे आले असं दाखवावं लागतं. आलेले पैसे कुठेतरी असायला हवेत, म्हणून बँकेची खोटी स्टेटमेंट आणि मुदत ठेवींच्या खोट्या पावत्या. ठेवी म्हटल्या की त्यावर व्याज आलं. दर तिमाहीला आधीचं खोटं झाकायला नवं लागे आणि त्याचा आकडा मोठा असे. शेवटी ३,३०० कोटींहून अधिक मुदत ठेवी कागदावर होत्या आणि बँकांत प्रत्यक्षात दहा कोटींच्या आत.

एवढी मोठी रक्कम बँकेला एक पत्र लिहून तपासता आली असती. पत्रं लिहिलीही गेली. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०११ मध्ये ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय शाखांवर कारवाई केली, तेव्हा नेमकं हेच नोंदवलं. शिल्लकीची विचारणा करणारी पत्रं ऑडिटरने कंपनीच्याच हाती सोपवली होती आणि उत्तरंही कंपनीकडूनच घेतली होती. काही बँकांची उत्तरं ऑडिटरकडे थेट आली, त्यांतले आकडे कंपनीने दिलेल्या आकड्यांपेक्षा फारच लहान होते, आणि तरी त्या तफावतीचा पाठपुरावा झाला नाही. माझ्या मते सत्यमचा घोटाळा इथे पकडला जायला हवा होता. त्यासाठी कुशाग्र बुद्धीची गरज नव्हती, एक लिफाफा स्वतः टपालात टाकायचा होता.

मुंबईच्या बँकेत हीच युक्ती उलट्या बाजूने झाली. सत्यमने नसलेले पैसे दाखवले, पीएमसीने असलेलं कर्ज दडवलं. बांधकाम क्षेत्रातल्या एचडीआयएल समूहाची ४४ खाती थकली होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज या एका समूहाकडे होतं. एका कर्जदाराला बँकेच्या भांडवलाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, आणि ९० दिवस हप्ता आला नाही की कर्ज थकीत ठरवावं लागतं. हे दोन्ही नियम लावून खरी माहिती दिली असती तर बँक त्याच दिवशी बुडाल्याचं दिसलं असतं. म्हणून रिझर्व्ह बँकेला दिलेल्या माहितीत ती ४४ खाती काढून त्यांच्या जागी २१,०४९ काल्पनिक खाती घातली गेली.

एवढी खाती का? कारण तपासनीस मोठी कर्जं उघडून बघतो. छोटी, ठेवींवर दिलेली कर्जं तो सहसा उघडत नाही, ठेव हातात असताना ते कर्ज बुडणार कसं? ऑडिटर वेळेअभावी फक्त त्या वर्षातली वाढ तपासत, जुनी खाती पुन्हा पाहत नसत, असं थॉमस यांनी पत्रात सांगितलं होतं. तपासणी कुठे थांबते हे आतल्या माणसाला ठाऊक असतं, आणि गुन्हा तिथूनच पुढे सुरू होतो.

एडविन सदरलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये या गुन्ह्यांना ‘व्हाइट कॉलर क्राइम’ हे नाव दिलं. दहा वर्षांनी त्याचं पुस्तक आलं तेव्हा बदनामीच्या दाव्याच्या भीतीने त्यातली कंपन्यांची नावं गाळली गेली. नावांसकटची आवृत्ती निघायला १९८३ साल उजाडलं, आणि सदरलँड १९५० मध्येच गेला होता. आरोपीकडे पैसा आणि प्रतिष्ठा असली की त्याच्याबद्दल बोलायलाही किती वेळ लागतो, ते यावरून कळतं.

कोर्टात तर हा वेळ आणखी वाढतो. सत्यमच्या बाबतीत लेखी कबुली होती, तरी खटला सहा वर्षं चालला. कबुलीचं पत्र पोलिसांना खोटं शोधायचं कुठे हे सांगतं, पण प्रत्येक आरोपीने काय केलं ते वेगळं सिद्ध करावं लागतं. बिल खोटं आहे हे दाखवणं सोपं. ते खोटं आहे हे सही करणाऱ्याला माहीत होतं, आणि फसवण्याच्या हेतूनेच त्याने सही केली, हे दाखवणं कठीण. ऑडिटर म्हणतो, मला खोटे कागद दिले, मीही फसलो. वित्त विभागातला कर्मचारी म्हणतो, वरून आलेला आकडा मी भरला. राजूंनी पत्रातच लिहिलं होतं की आपण कंपनीतून एक रुपयाही घेतला नाही. त्याला उत्तर द्यायचं तर फुगलेल्या भावाने प्रवर्तकांना काय मिळालं याचा माग काढावा लागतो, आणि ती वाट शेअरविक्री, तारण ठेवलेले शेअर आणि नातेवाइकांच्या कंपन्या यांतून जाते. हा माग सरकारी वकिलाला आधी स्वतः समजून घ्यावा लागतो, मग न्यायाधीशाला समजावून सांगावा लागतो, आणि समोर देशातले सर्वांत महागडे वकील प्रत्येक पायरीवर हरकत घेत असतात.

सत्यम खटल्यात २२६ साक्षीदार तपासले गेले आणि सुमारे ३,००० कागद दाखल झाले. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवलं. मुख्य आरोपींना सात वर्षांची शिक्षा झाली, राजू आणि त्यांच्या भावाला प्रत्येकी पाच कोटींहून अधिक दंड. अपील दाखल झालं, शिक्षेला स्थगिती मिळाली आणि त्याच मे महिन्यात ते जामिनावर बाहेर आले. पीएमसी प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने डिसेंबर २०१९ मध्ये दाखल केलेलं आरोपपत्र ३२,००० पानांचं होतं. एवढं आरोपपत्र वाचणार कोण आणि किती वर्षांत?

म्हणून खटल्यापेक्षा माझा भरवसा दोन गोष्टींवर आहे. एक, ऑडिटरने बँकेला थेट विचारणं. दुसरी, आतल्या माणसाला बोलू देणं. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमच्या एका स्वतंत्र संचालकाला गैरव्यवहाराबद्दल निनावी ईमेल आला होता. पीएमसीच्या बाबतीतही पहिली कुणकुण बँकेतल्याच कर्मचाऱ्यांकडून लागल्याचं समोर आलं. काल्पनिक खाती रिझर्व्ह बँक पाहत नव्हती, पण ती भरणारे हात बँकेतच होते. अशा माणसाचं नाव गुप्त राहील आणि नोकरी टिकेल याची खात्री देणारी कडक व्यवस्था सहकारी बँकांत आज हवी आहे. नवा कायदा येण्याची वाट न बघता बँकांचे संचालक ती उभी करू शकतात, आणि सभासदांनी वार्षिक सभेत तसा प्रश्न विचारायला हवा.

२३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा पीएमसीच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळाल्या, त्यावरच्या टप्प्याटप्प्याने. ज्यांनी घर विकून किंवा निवृत्तीची पूर्ण रक्कम तिथे ठेवली होती, अशा मोठ्या ठेवीदारांना उरलेले पैसे योजनेप्रमाणे दहा वर्षांनी, म्हणजे २०३२ मध्ये मिळायचे आहेत.