गिरणीची चिमणी वाचवायची, पण नुसती चिमणी का?

मुंबईत लोअर परळला फिनिक्स मॉलमध्ये खरेदीला गेलात तर एकदा मान वर करून पाहा. काचेच्या दुकानांमधून एक विटांची उंच चिमणी डोकं वर काढून उभी आहे. मूल विचारतं, ‘‘आई, हे काय आहे?’’ आपण म्हणतो, ‘‘इथे पूर्वी कापडगिरणी होती.’’ ‘‘मग चिमणी कशाला?’’ या पुढच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुष्कळदा आपल्याकडे नसतं.

कारण चिमणी एकटी काहीच करत नव्हती. तलावातलं पाणी बॉयलरमध्ये जायचं. खाली कोळसा जळायचा. गरम धूर हलका होऊन चिमणीतून वर चढला, की त्याच्या ओढीने भट्टीत ताजी हवा यायची. चिमणी जितकी उंच, तितकी ही ओढ जास्त. वाफेवर इंजिन फिरायचं आणि इंजिनावर शेडमधले साचे. शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असायचं. काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड भरपूर पण ऊन थेट आत नाही. जिन्याच्या मनोऱ्यावरची पाण्याची टाकी आग विझवण्यासाठी असायची, कारण कापसाला आग लागायला वेळ लागत नाही.

म्हणून काय ठेवायचं हे ठरवताना पहिला प्रश्न ‘सर्वात देखणं काय?’ हा नसावा. ‘कोणत्या गोष्टी एकत्र राहिल्या तर इथलं काम समजेल?’ हा असावा. सगळी गिरणी राखणं शक्य नसतं. पण चिमणी, तिच्या पायथ्याचं बॉयलरघर आणि शेडचे दोनचार दाते एवढं जरी जागेवर राहिलं, तरी मुलाला उत्तर देता येतं. बाकीचं पाडण्याआधी मोजमाप, नकाशे आणि फोटो घ्यायला हवेत. पाडल्यावर ते करता येत नाही.

शेड का जातात?

मुंबईत 1982च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि अनेक गिरण्या पुन्हा कधी नीट सुरू झाल्याच नाहीत. 1991च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना तिचे ढोबळमानाने 3 भाग व्हायचे: एक मोकळ्या मैदानासाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. 2001मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जागा वाटणीतून सुटली. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. चिमणीखाली जागा थोडी जाते, शेडखाली कित्येक एकर. चिमणी राहते आणि शेड जाते, त्यामागचं साधं गणित हे आहे.

चिमणी आजारी आहे हे कसं ओळखाल?

आधी शेंड्याकडे पाहा. वारा आणि पाऊस तिथे सर्वात जास्त लागतो, म्हणून विटा आधी तिथल्याच सुटतात. एका बाजूला पिंपळ उगवला असेल तर तो उपटू नका. मुळांबरोबर विटाही निघतात. खोड कापून मूळ जागेवरच मारावं लागतं.

उभी भेग दिसली तर ती जुनी आहे की वाढते आहे हे आधी कळलं पाहिजे. त्यासाठी भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवतात आणि एक पावसाळा वाट पाहतात. काच तडकली, तर भेग हलते आहे. चिमणी कलली आहे का हे काटकोनातल्या दोन दिशांनी मोजतात, कारण एकाच बाजूने पाहिलं तर आपल्याकडे झुकलेली चिमणी सरळच दिसते. कोळशाच्या धुरातला गंधक ओल मिळाली की सांध्यातला मसाला फुगवतो. जी बाजू जास्त भिजते ती फुगते आणि चिमणी हळूहळू उलट बाजूला कलते.

सर्वात मोठी चूक दुरुस्तीतच होते. चुन्यात बांधलेल्या चिमणीचे सांधे सिमेंटने भरतात. काम चकचकीत दिसतं, पण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. मग ओल विटेतून वाट काढते आणि काही वर्षांत विटांचे पापुद्रे सुटतात. सांधे चुन्यानेच भरायला हवेत. तो सावकाश सुकतो, म्हणून कामाला वेळ लागतो. गंजलेले लोखंडी पट्टे बदलणं आणि वीजवाहक तार जमिनीपर्यंत अखंड आहे ना हे तपासणं, ही कामंही त्याच वेळी उरकावीत. शेंडा फारच खिळखिळा असेल, तर तेवढा उतरवून पुन्हा बांधणं हे पूर्ण चिमणी गमावण्यापेक्षा बरं.

तुमच्या गावात, मग ते सोलापूर असो, अहमदाबाद असो की कानपूर, एखादी बंद गिरणी असेल, तर तिथे काम केलेल्या आजोबांना घेऊन एकदा जा. बॉयलर कुठे होता, पाणी कुठून यायचं, भोंगा कुठे होता, हे त्यांना विचारा आणि कागदावर मांडून ठेवा. काय राखायचं हे ठरवायची वेळ येईल, तेव्हा तो कागद सर्वात आधी लागेल.