बीपीचा पट्टा आखूड, आकडा जास्त

चारठाण्यातल्या एका घरात मुलाने अम्मीसाठी बीपीचं मशीन आणलं. रोजचा वरचा आकडा १५० च्या आसपास. मशीन नवं, गोळी वेळेवर, मग बीपी उतरत का नाही? गोळी वाढवायची का, अशी चर्चा घरात सुरू झाली. पट्ट्याकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यावर बारीक अक्षरात २२-३२ सेंमी छापलेलं होतं. अम्मीच्या दंडाचा घेर निघाला ३८ सेंमी!

घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. हात कोपरात वाकवा. खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत लांबी घ्या आणि तिच्या बरोबर मध्यावर खूण करा. अम्मींची लांबी ३२ सेंमी, म्हणजे खूण १६ वर. मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप गुंडाळा. टेप कातडीला टेकावी, पण रुतू नये.

आता पट्ट्याने फरक का पडतो ते पाहू. पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. तिने दंडाचा साधारण ८० टक्के घेर वेढायला हवा. पिशवी आखूड असेल तर दाब दंडाच्या आतल्या रक्तवाहिनीपर्यंत पूर्ण पोचत नाही. ती दाबायला जास्त हवा भरावी लागते, आणि मशीन तोच जास्तीचा दाब बीपी म्हणून दाखवतं. बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर उलट होतं, आकडा कमी येतो. घरातल्या कृश दादी-नानींचं वाढलेलं बीपी असंच लपून राहू शकतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५ प्रौढांवर हे तपासून २०२३ साली प्रसिद्ध केलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तेव्हा वरचा आकडा सरासरी ५ ने जास्त आला. सगळ्यात मोठा लागणाऱ्यांत तो जवळपास २० ने चढला. लहान पट्टा लागणाऱ्यांत मात्र तो ३-४ ने कमी दिसला.

अम्मींसाठी ३२-४२ चा पट्टा मागवला. पट्टा त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा घ्या. दुसऱ्याची नळी बसली तरी आकड्याचा भरवसा नाही. पाच मिनिटं बसून मोजलं तर नव्या पट्ट्यावर १४३ आले, जुन्यावर १५०. म्हणजे बीपी होतंच, फक्त दिसत होतं तेवढं नव्हतं. म्हणून गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही. नवे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवायचे.

बांधताना पट्ट्याच्या कडेची रेघ आतल्या खुणांच्या मध्ये येते का बघा. बाहेर गेली किंवा हवा भरताना चिकटपट्टी सुटली, तर माप चुकलंय. आणि हो, वुजूला बाही वर सारतो तशी घट्ट बाही दंडावर गोळा करून ठेवू नका. तीच दंड आवळते. बाही काढून उघड्या दंडावरच पट्टा बांधा.