क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पत्ता कुठून वाचायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतल्या महिलांना ई-केवायसी सक्तीची केली. मुदत आधी दोन महिन्यांची होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. हे काम एकाच सरकारी संकेतस्थळावर होत होतं: ladakibahin.maharashtra.gov.in. तिथे आपला आधार क्रमांक टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. गर्दीमुळे संकेतस्थळ अडखळत होतं, ओटीपी येत नव्हते. महिन्याचे दीड हजार बंद पडतील या काळजीने बायका दुसरी वाट शोधू लागल्या आणि त्याच दिवसांत बनावट संकेतस्थळांबद्दलचे इशारे वर्तमानपत्रांत छापून आले.

आता समजा, जळकोटच्या स्टँडजवळ एक पत्रक चिकटवलेलं आहे. वर योजनेचं नाव, शासनाची मुद्रा, खाली क्यूआर कोड आणि ‘ई-केवायसीसाठी स्कॅन करा, आजच शेवटची तारीख’ अशी ओळ. ते खरं की खोटं, हे कागद बघून कळत नाही. मुद्रा कुणीही छापू शकतो. मूळ पत्रकावर दुसऱ्या कोडचा स्टिकर चिकटवला असेल तर नखाने कडा उचलून पाहता येते, पण अख्खं पत्रकच बनावट असेल तर खरवडून काय मिळणार? परीक्षा फोनच्या पडद्यावरच होते, आणि तिथेच आपले काही समज आडवे येतात.

गैरसमज: कोड स्कॅन केला की खातं रिकामं होतं.

ही भीती खूप खोल बसली आहे आणि तिचा तोटा असा की माणूस चुकीच्या ठिकाणी घाबरतो. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. त्याच्या चौकटीत असतो तो फक्त मजकूर. दुकानातल्या पैसे भरण्याच्या कोडचा मजकूर `upi://pay` असा सुरू होतो, संकेतस्थळाच्या कोडचा `https://` असा. कॅमेरा तो मजकूर वाचून दाखवतो, तेवढ्याने खात्यातला पैसा हलत नाही. नुकसान होतं ते पुढच्या पायरीवर: उघडलेल्या पानावर आपण पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा क्रमांक भरतो तेव्हा, किंवा त्या पानाने सुचवलेलं ॲप फोनमध्ये घालतो तेव्हा.

म्हणून फोनच्या साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करावं. तो आधी पत्ता दाखवतो आणि बोट लावेपर्यंत थांबतो. पत्ता न दाखवता थेट पान उघडणारी स्कॅनर ॲप काढून टाकलेली बरी. दुकानात पैसे भरायचे असतील तर मात्र यूपीआय ॲपमधूनच स्कॅन करावं. पैसे भरण्याऐवजी ब्राउझर उघडून लॉगिनचं पान आलं, तर तो पैसे घेण्याचा नेहमीचा कोड नव्हेच.

गैरसमज: पत्त्यात सरकारचं किंवा बँकेचं नाव दिसलं म्हणजे संकेतस्थळ त्यांचंच.

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू. स्टँडजवळचा तो कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर असा पत्ता आला असं धरा. नमुन्यासाठी शेवटी `.example` हे कुणालाच विकत न मिळणारं नाव घेतलं आहे. खऱ्या फसवणुकीत तिथे .com, .top, .in असं काहीही असेल.

```
https://ladakibahin.maharashtra.gov.in.ekyc-seva.example/login
```

डावीकडून वाचलं तर सगळं ओळखीचं आहे. लाडकी बहीण आहे, महाराष्ट्र आहे, gov.in सुद्धा आहे. तरीही हे पान सरकारचं नाही.

जळकोट नावाची गावं दोन आहेत. एक लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, दुसरं धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचं. पाकिटावर ‘जळकोट’ कितीही ठळक लिहिलं तरी पत्र कुठे जाणार हे शेवटच्या जिल्ह्यावर ठरतं. संकेतस्थळाच्या पत्त्यातही मालक शेवटच्या तुकड्यांवर ठरतो.

हा शेवट शोधायचा कसा? `https://` सोडून द्या. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा. रेघेच्या पुढचं काहीही वाचू नका, कारण तिथे मालकाला हवं ते लिहिता येतं. आता रेघेपासून डावीकडे या. वरच्या पत्त्यात रेघेच्या लगत आहे `ekyc-seva.example`. हा मालक. त्याच्या डावीकडचं लांबलचक नाव त्या मालकाने आपल्या मर्जीने लावलेलं आहे आणि त्यासाठी त्याला शासनाला विचारावं लागलेलं नाही. खऱ्या पत्त्यात रेघेच्या लगत येतं `maharashtra.gov.in`.

बनवणाऱ्यांच्या आणखी दोन खोड्या याच जागी पकडता येतात. टिंबाऐवजी आडवी रेघ घातलेली असते: `maharashtra-gov.example`. इथे gov हा शब्दाचा तुकडा आहे, सरकारी नोंदणी नव्हे. दुसरी खोडी `@` या चिन्हाची: `https://sbi.bank.in@seva.example/`. पहिल्या रेघेच्या आधी @ असेल तर ब्राउझर त्याच्या डावीकडचा मजकूर पत्ता म्हणून मोजतच नाही आणि seva.example वर जातो.

कोणते शेवट भरवशाचे? नुसतं .in कुणालाही थोड्या पैशांत मिळतं. .gov.in मात्र सरकारी खात्यांनाच मिळतं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये .bank.in हा वेगळा शेवट आणला. तो फक्त बँकांना मिळतो आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाण्याचे आदेश बँकांना होते. स्टेट बँकेचा पत्ता आज sbi.bank.in असा आहे. कुरिअर, दुकानं, खासगी कंपन्यांना असा राखीव शेवट नाही. त्यांच्या बाबतीत खरा पत्ता आधीपासून ठाऊक असावा लागतो.

काही कोडांत लांब पत्त्याऐवजी bit.ly सारखा आखूड पत्ता असतो. त्यावरून आत कोण आहे हे समजत नाही, आणि कोड तोच ठेवून तो नेतो ते ठिकाण नंतर बदलता येईल अशीही सोय अशा सेवांमध्ये असते. म्हणजे सोमवारी शेजारणीला खऱ्या पानावर नेणारा कोड गुरुवारी तुम्हाला दुसरीकडे नेऊ शकतो. त्यामुळे स्कॅन करताना पाहिलेला पत्ता पुरेसा धरू नये. पासवर्डाची किंवा आधार क्रमांकाची चौकट समोर आली की वरच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता पुन्हा वाचावा. पट्टीच दिसत नसेल, किंवा पान दुसऱ्या एखाद्या ॲपच्या आत उघडलं असेल, तर ‘ब्राउझरमध्ये उघडा’ करावं, नाहीतर बंद करावं.

गैरसमज: कुलपाचं चिन्ह आहे म्हणजे सुरक्षित.

कुलूप एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातला मजकूर मधल्या कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आज फुकट मिळतं आणि ठगही ते घेतात. हा गोंधळ इतका पसरला होता की गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून कुलूप काढून तिथे सेटिंगचं साधं चिन्ह ठेवलं.

गैरसमज: ओटीपी खराच आला, म्हणजे पानही खरं.

मी हा समज सर्वांत घातक मानतो, कारण इथे पुरावा खरा असतो आणि निष्कर्ष खोटा. तुम्ही बनावट पानावर आधार क्रमांक किंवा बँकेचा पासवर्ड टाकता. पलीकडचा माणूस, किंवा त्याने लावून ठेवलेला प्रोग्राम, त्याच क्षणी तो खऱ्या संकेतस्थळावर टाकतो. खरं संकेतस्थळ तुमच्या मोबाइलवर खरा ओटीपी पाठवतं. तुम्ही तो बनावट पानावर लिहिता, तो पुढे सरकवला जातो, आणि आत शिरतो तो ठग. तुम्हाला ‘सर्व्हर व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा’ असं दिसतं. लाडकी बहीणच्या गर्दीत हे वाक्य खऱ्या पानावरही दिसत असेल, तर संशय यायचा कुठून?

म्हणून ओटीपीचा आकडा उचलण्याआधी संदेशातले शब्द वाचावेत. तो कुणी पाठवला, कशासाठी पाठवला, त्यात रक्कम आहे का? ई-केवायसी चालू असताना संदेश पैसे पाठवण्याचा किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड बदलण्याचा असेल, तर तिथेच थांबावं. आणि यूपीआय पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे ई-केवायसीला कधीच लागत नाहीत.

पासवर्ड फोनमध्ये साठवण्याची सवय असेल तर आणखी एक खूण मिळते. साठवलेला पासवर्ड त्याच पत्त्याशी बांधलेला असतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज फोन पुढे करत नाही, तर आपण हाताने भरण्याआधी पत्ता वाचावा.

गैरसमज: पार्सलवर माझं नाव-पत्ता बरोबर आहे, तर आतली चिठ्ठीही खरी असणार.

नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक हे जुन्या खोक्यांच्या लेबलांवरूनही मिळतात. न मागवलेल्या पार्सलात ‘पाठवणारा जाणून घ्या’ किंवा ‘परत करण्यासाठी स्कॅन करा’ असा कोड ठेवण्याचा प्रकार अमेरिकेत इतका आढळला की एफबीआयने जुलै २०२५ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला. आपल्याकडे टपाल खात्याच्या नावाने ‘पत्ता अपुरा आहे, दुरुस्त करा’ असे खोटे संदेश फिरले आहेत आणि पीआयबीच्या तथ्य-तपासणी विभागाने ते खोटे असल्याचं सांगितलं आहे. स्पीड पोस्टच्या वस्तूवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी IN. तो indiapost.gov.in वर स्वतः टाकून पाहता येतो. चिठ्ठीवरचा कोड त्यासाठी लागत नाही.

हीच वाट पत्रकालाही लागू पडते. लॉगिन करायचं असेल तर कोड सोडून द्या आणि पत्ता हाताने टाइप करा, किंवा आधी जपून ठेवलेल्या खुणेवरून उघडा. गूगलमध्ये नाव शोधून वर आलेल्या पहिल्या दुव्यावर जाणं ही सुरक्षित वाट नव्हे. तिथेही जाहिरात देऊन कुणी बसलेला असू शकतो.

माहिती भरून झाल्यावर शंका आली तर लाजेपोटी रात्र जाऊ देऊ नये. आधी बँकेला कळवावं आणि १९३० या क्रमांकावर फोन करावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचं सूत्र असं आहे की ग्राहकाने स्वतः पासवर्ड वा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. मग खऱ्या संकेतस्थळावरून पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा, नाहीतर आत शिरलेला आतच राहतो. आधारचा ओटीपी दिला असेल तर myaadhaar.uidai.gov.in वर आधार कुठे-कुठे वापरला गेला याची यादी मिळते.

पत्रक फाडून टाकण्याआधी त्याचा कोडासकट स्वच्छ फोटो घ्यावा आणि उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा. cybercrime.gov.in वर तक्रारीसोबत ही दोन्ही चित्रं जोडता येतात. ते पान बंद करायचं तर तपास करणाऱ्यांना नेमका तोच पत्ता लागतो.