कोपऱ्यात येणारे आणि निघून जाणारे निरोप

ऑनलाइन फॉर्म भरताना किंवा बिल करताना आपण बटण दाबतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी सरकत येते. ‘बदल जतन झाले’ एवढेच सांगते, तीन-चार सेकंद थांबते आणि कोणी हात न लावता निघून जाते. सॉफ्टवेअर करणारी मंडळी तिला टोस्ट म्हणतात. हातातले काम न थांबवता झाल्या गोष्टीची वर्दी देणे हे तिचे काम. एकटी पट्टी कोणालाही दाखवता येते. सॉफ्टवेअरचा कस लागतो तो दोन-तीन पट्ट्या एकापाठोपाठ आल्या म्हणजे.

समजा, एका मेडिकलच्या काउंटरवर ब्राउझरमध्ये चालणारे बिलिंग सॉफ्टवेअर आहे. दुकानदाराने बिल केले आणि लगेच पहिला निरोप आला: ‘बिल जतन झाले’. सेकंदभरात दुसरा आला: ‘साठा कमी: या गोळ्यांच्या दोनच स्ट्रिप शिल्लक, मागणी नोंदवा’. आणखी एका सेकंदाने तिसरा: ‘प्रिंटर जोडलेला नाही’. तिन्ही निरोप खरे आणि कामाचे आहेत, पण कोपरा एकच आहे.

यावरचा जुना उपाय म्हणजे रांग. अँड्रॉइड फोनवरचा टोस्ट असाच वागतो: एका वेळी एकच दिसतो, साधारण दोन किंवा साडेतीन सेकंद टिकतो आणि पुढचा आपली पाळी येईपर्यंत थांबतो. गोंधळ होत नाही, पण उशीर होतो. प्रत्येक निरोप चार सेकंद दाखवायचा म्हटला, तर एकदम आलेल्या दहा निरोपांपैकी शेवटचा छत्तीस सेकंदांनी दिसेल. तोवर गिऱ्हाईक बिलाची वाट पाहत उभे आणि प्रिंटरची तक्रार रांगेत मागे. म्हणून कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये निरोप एकावर एक रचून, एकाच वेळी दाखवतात. रचायचे ठरले की तीन प्रश्न येतात: दोन पट्ट्यांत अंतर किती, नवी पट्टी कुठे येणार आणि जुनी कधी जाणार.

अंतरापासून सुरुवात करू. रचना करणाऱ्याने ठरवले की पहिली पट्टी खालच्या कडेपासून २४ पिक्सेलवर असेल, प्रत्येक पट्टी ६४ पिक्सेल उंच असेल आणि दोन पट्ट्यांत १२ पिक्सेल जागा राहील. मग दुसरी १००वर सुरू होईल आणि तिसरी १७६वर. कागदावर हिशेब चोख आहे. पण साठ्याचा निरोप लांब आहे, तो दोन ओळींत मोडतो आणि त्याची पट्टी ८४ पिक्सेलची होते. ती १००वर सुरू होऊन १८४पर्यंत पोहोचते, तर तिसरी १७६वर बसलेली. म्हणजे ८ पिक्सेल एक पट्टी दुसरीवर चढली.

मराठीत ही चूक जास्त उघडी पडते. सॉफ्टवेअर आधी इंग्रजीत आखले जाते आणि तिथे एका शब्दात मावलेला निरोप मराठीत तीन-चार शब्दांचा होऊन दुसऱ्या ओळीवर जातो. शिवाय आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बांधली, तर ‘पूर्ण’मधला ऊकार कापला जातो किंवा रफार वरच्या ओळीला चिकटतो. म्हणून उंची आधी गृहीत धरायचीच नाही. प्रत्येक पट्टीला तिच्या मजकुराएवढी वाढू द्यायची आणि मधले अंतर मात्र कायम ठेवायचे. ब्राउझरला हे थोडक्यात सांगता येते:

```css
.toasts {
  position: fixed;
  right: 24px;
  bottom: 24px;
  display: flex;
  flex-direction: column-reverse;
  gap: 12px;
}
```

यात कुठल्याही पट्टीची उंची लिहिलेली नाही. `gap` म्हणजे दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा. पट्टी एक ओळीची असो वा तीन ओळींची, ही जागा १२ पिक्सेलच राहते. आता दुसरी पट्टी १८४ला संपते आणि तिसरी १९६वर सुरू होते.

अंतराचा एक चकवा पट्टी गेल्यावर दिसतो. काही वेळा ती फक्त पारदर्शक केली जाते, पानातून काढली जात नाही. डोळ्यांना ती गेली, पण तिची जागा तशीच अडलेली राहते. रचनेत मध्येच मोठी फट दिसते आणि तिच्याखाली असलेले ‘पुढे जा’चे बटण दाबले तरी दाबले जात नाही. कोपऱ्यातले बटण कधी चालते आणि कधी चालत नाही, अशी तक्रार आली की आधी तिथे न दिसणारी पट्टी राहिली आहे का, ते पाहावे.

आता क्रम. वरच्या रचनेत पहिला निरोप कडेला, खाली असतो आणि नवा त्याच्या वर येतो. नवा आला म्हणून आधीचे जागचे हलत नाहीत. पण सगळ्यांत जुना, म्हणजे सगळ्यांत खालचा, आधी जातो आणि तो गेला की वरचे सगळे खाली घसरतात. उलट क्रम लावला, म्हणजे नवा नेहमी कडेला, तर जुना वरच्या टोकाने निघून जातो आणि बाकीचे हलत नाहीत. मात्र नवा आला की वाचत असलेली ओळ उडी मारून वर जाते. एका टोकाने येणे आणि दुसऱ्या टोकाने जाणे चालू असेल, तर यातली एक हालचाल होणारच.

ही हालचाल किती महागात पडते, ते आपल्या मेडिकलमध्येच पाहू. प्रत्येक निरोप चार सेकंदांचा आहे. ते शून्य, एक आणि दोन सेकंदांवर आले, म्हणजे चार, पाच आणि सहा सेकंदांवर जाणार. साठ्याचा निरोप वाचून झाला. तो बंद करायला दुकानदार त्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या फुलीकडे माऊस नेतो. त्या पट्टीची वरची कड १८४वर आहे. नेमका चौथा सेकंद भरतो, ‘बिल जतन झाले’ निघून जाते आणि तिची ६४ अधिक मधली १२, अशी ७६ पिक्सेल जागा मोकळी होते. प्रिंटरची पट्टी २६०वरून ७६ने खाली येते, म्हणजे तिची वरची कड १८४वर. साठ्याची फुली जिथे होती, बरोबर तिथे आता प्रिंटरची फुली आहे. बोट दाबले जाते आणि न वाचलेला निरोप बंद होतो. दुकानदाराला वाटते आपण साठ्याचा निरोप बंद केला, आणि बिल का छापले जात नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

यात गंमत अशी की अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये माऊस पट्टीवर आला की वेळ थांबवायची सोय असते. पण अनेकदा ती फक्त त्या एका पट्टीची वेळ थांबवते. इथे हलवाहलव केली ती शेजारच्या पट्टीने. म्हणून माऊस रचनेतल्या कुठल्याही पट्टीवर, अगदी मधल्या फटीवर असला, तरी सगळ्यांचीच घड्याळे थांबली पाहिजेत. माऊस बाजूला झाला की प्रत्येकाची उरलेली वेळ पुढे चालू करायची. टॅबच्या कळीने कीबोर्डवरून तिथे पोहोचणाऱ्यालाही हीच सवलत हवी, आणि माणूस दुसऱ्या टॅबवर गेला असेल तेव्हाही. पाठीमागच्या टॅबमध्ये येऊन गेलेला निरोप कोणाला दिसणार?

क्रमाचा निकाल इथेच लागतो. नवा निरोप कधी येईल हे दुकानदाराच्या हातात नाही, रचना करणाऱ्याच्याही नाही. जुना कधी काढायचा हे मात्र सॉफ्टवेअरच्या हातात आहे, आणि ते थांबवता येते. म्हणून नवा निरोप कडेपासून दूरच्या टोकाला ठेवावा आणि माऊस आत असेपर्यंत कोणालाच जाऊ देऊ नये. मग हात पुढे गेलेला असताना काहीच सरकत नाही. सगळे असे करत नाहीत. सॉनर या वेबसाइट बनवणाऱ्यांत लोकप्रिय असलेल्या साधनात नवा निरोप पुढे असतो आणि जुने त्याच्या मागे थोडेसे डोकावत राहतात. एका वेळी तीनच दिसतात आणि माऊस नेला की सगळी चळत उलगडते. त्यात जागा कमी लागते, पण मागच्या निरोपांचा मजकूर उलगडल्याशिवाय वाचता येत नाही. जिथे निरोप क्वचित आणि एकेकटे येतात तिथे ते शोभते, भरगच्च काउंटरवर नाही. तिथे ‘साठा कमी’चे पाच निरोप आले, तर ‘पाच औषधांचा साठा कमी’ असा एकच करणे जास्त उपयोगाचे.

राहिला वेळेचा प्रश्न. सॉनरमध्ये मुळात चार सेकंद दिलेले आहेत, बूटस्ट्रॅपमध्ये पाच, आणि गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये अशाच पट्टीला चार ते दहा सेकंद सांगितले आहेत. हे आकडे जसेच्या तसे उचलले जातात आणि तिथेच फसगत होते. ‘जतन झाले’ला चार सेकंद पुष्कळ झाले. दोन ओळींच्या मराठी निरोपाला, तोही चष्मा शोधणाऱ्या माणसाला, पुरत नाहीत. ज्यावर काही करायचे आहे त्याला तर आणखी वेळ हवा. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र मागे घ्यायला पाच, दहा, वीस किंवा तीस सेकंद निवडता येतात, ते त्यासाठीच. वेब सर्वांना वापरता यावे म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीचीही भूमिका अशी की वेळेची मर्यादा घालायची, तर ती बंद करण्याची किंवा वाढवण्याची सोय वापरणाऱ्याला असावी.

डोळ्यांनी न पाहणाऱ्यांचा विचार त्याच नियमावलीच्या २०१८च्या आवृत्तीत आहे. असा निरोप स्क्रीन रीडरने आपणहून वाचून दाखवावा, पण माणूस जिथे टाइप करतो आहे तिथून त्याला हलवू नये. यासाठी साध्या निरोपाच्या जागेवर `role="status"` लिहितात. मग स्क्रीन रीडर चालू वाक्य संपवून तो वाचतो. तातडीच्या निरोपाला `role="alert"` असते आणि तो मध्येच तोडून बोलतो. ही जागा पान उघडल्यापासून रिकामी तयार असावी लागते. निरोपासकट ती आयत्या वेळी घातली, तर काही स्क्रीन रीडर गप्प राहतात.

या सगळ्यानंतरही प्रिंटरचा निरोप मुळात टोस्टमध्ये नको होता. जो चुकला तर काम अडते किंवा पैसे बुडतात, तो निरोप आपोआप जाऊ देऊ नये. तो बिलाच्या पानावरच, प्रिंटर जोडला जाईपर्यंत दिसत राहिला पाहिजे. आपल्या दुकानासाठी, संस्थेसाठी कोणी सॉफ्टवेअर करून देत असेल, तर ताबा घेण्याआधी एक चाचणी जरूर करा. तीन निरोप लागोपाठ येऊ द्या, मधला दोन ओळींचा मराठी असू द्या, माऊस त्याच्या फुलीवर नेऊन दहा सेकंद थांबा. काही हलले, चढले किंवा गेले, तर काम पूर्ण झालेले नाही.